सॉर्टिंगच्या सिद्धतेतलं झाड नेमकं कशाचं असतं?

> मर्ज सॉर्ट n log n मध्ये होतो हे समजलं. पण "तुलना करून सॉर्ट करणारा कुठलाही अल्गोरिदम याहून वेगवान असूच शकत नाही" हे कसं सिद्ध करतात? जे अल्गोरिदम अजून कोणी लिहिलेच नाहीत त्यांच्याबद्दल आत्ताच कसं बोलणार? पुस्तकात डिसिजन ट्री काढून n! पानं दाखवली आहेत. माझा कोड तर कुठलंच झाड बनवत नाही. आणि पानं n! असतील तर काम n! व्हायला हवं, ते n log n कसं झालं?

तिन्ही शंका एकाच ठिकाणी अडतात. ते झाड कशाचं आहे हे बहुतेक पुस्तकं एका वाक्यात सांगून पुढे सरकतात. झाड प्रोग्रामच्या मेमरीत नसतं आणि ते कोणी बांधतही नाही. अल्गोरिदम जे प्रश्न विचारू शकतो ते आणि त्यांना मिळू शकणारी सगळी उत्तरं कागदावर उलगडून मांडली की जे दिसतं ते डिसिजन ट्री. ते पाहणारे आपण. अल्गोरिदमला त्याची खबरही नसते.

आधी खेळाचा नियम पक्का करू, कारण सगळी सिद्धता त्यावर उभी आहे. समजा तुमच्यापुढे बाहेरून सारख्याच दिसणाऱ्या n पिशव्या आहेत आणि फक्त दोन पारड्यांचा तराजू आहे. वजनाचा आकडा दाखवणारा काटा नाही, वजनमापं नाहीत. दोन पिशव्या पारड्यांत ठेवायच्या, कुठली हलकी ते पाहायचं, बस. पिशव्यांबद्दल याशिवाय काहीही कळायचा मार्ग नाही. कोडमध्ये याचा अर्थ असा की घटकांवर फक्त `a < b` एवढंच चालवायचं. त्यातला आकडा अ‍ॅरेचा इंडेक्स म्हणून वापरायचा नाही, त्याचे बिट पाहायचे नाहीत, त्याची बेरीज-वजाबाकी करायची नाही. घटक इकडून तिकडे हलवायला मात्र पूर्ण मुभा. ही हलवाहलव आपण मोजणारच नाही, फुकट धरू. मोजायच्या त्या फक्त तुलना. प्रत्येक तुलना म्हणजे निदान एक पायरी, त्यामुळे तुलनांची किमान संख्या कळली की एकूण पायऱ्या तिच्याहून कमी होऊ शकत नाहीत.

आता तीन घटकांचा इन्सर्शन सॉर्ट घ्या आणि त्यातली लूप पूर्ण उलगडा. जे उरतं ते असं:

```python
def sort3(a, b, c):
    if a < b:
        if b < c:   return a, b, c
        elif a < c: return a, c, b
        else:       return c, a, b
    else:
        if a < c:   return b, a, c
        elif b < c: return b, c, a
        else:       return c, b, a
```

हेच झाड. `if` ही फांदी फुटायची जागा, `return` हे पान. मुळाशी `a < b` हा पहिला प्रश्न, खाली जाल तसे पुढचे. पानं सहा. दोन पानांपर्यंत दोन तुलनांत पोचता येतं, उरलेल्या चारांसाठी तीन तुलना लागतात. झाडाची उंची, म्हणजे सगळ्यात लांबच्या पानापर्यंतच्या तुलना, तीन. वाईटात वाईट इनपुटला लागणारं काम म्हणजे हीच उंची.

असं उलगडणं कुठल्याही तुलनेच्या अल्गोरिदमचं करता येतं, आणि न लिहिलेल्या अल्गोरिदमबद्दल बोलायचा अधिकार आपल्याला इथून मिळतो. n ठरला की प्रोग्रामची पहिली तुलना ठरलेली असते. आकड्यांबद्दल अजून काहीच कळलेलं नाही, मग तो दुसरं काय करणार? पहिल्या उत्तरानंतर दुसरी तुलना ठरते, पहिल्या दोन उत्तरांनंतर तिसरी. लूप असो, रिकर्शन असो, जादा अ‍ॅरे असो, मधल्या स्वॅप असोत, पुढचं पाऊल ठरवायला प्रोग्रामपाशी आतापर्यंतच्या हो-नाहीच्या यादीशिवाय दुसरी कुठलीही माहिती नसते. म्हणून मर्ज सॉर्टचं चार घटकांसाठी एक झाड, पाच घटकांसाठी दुसरं. क्विकसॉर्टची वेगळी, हीपसॉर्टची आणखी वेगळी. पन्नास वर्षांनी कोणी नवा अल्गोरिदम काढला तरी तो या नियमात बसत असेल तर त्याचंही असंच झाड निघेल. सगळ्या झाडांबद्दल एक गोष्ट सिद्ध केली की ती सगळ्या अल्गोरिदमांबद्दल सिद्ध झाली.

आता पानं n! का हवीत. सिद्धतेचा खरा जीव इथे आहे आणि इथेच थांबून विचार करायला हवा. "उत्तरं n! प्रकारची असू शकतात म्हणून" एवढं म्हणणं पुरत नाही. दोन वेगळ्या क्रमांचं काम एकाच पानावर का भागू शकत नाही, हे दाखवावं लागतं.

समजा कोणी काटकसर करून तीन घटकांसाठी दोनच तुलना ठेवल्या: आधी `a < b`, मग `b < c`, आणि लगेच `return`. त्याला दोन इनपुट देऊन पाहा. एकात a, b, c अनुक्रमे १०, ३०, २०. दुसऱ्यात २०, ३०, १०. पहिल्या इनपुटवर `a < b` ला हो, `b < c` ला नाही. दुसऱ्यावरही हो आणि नाही. प्रोग्रामच्या बाजूने पाहिलं तर ही दोन इनपुट वेगळी नाहीतच. तोच तराजू, तीच उत्तरं. म्हणून तो दोन्हींवर तंतोतंत तीच हलवाहलव करणार. `a, c, b` परत केलं तर पहिल्याचं १०, २०, ३० होतं, बरोबर. दुसऱ्याचं २०, १०, ३० होतं, चूक. `c, a, b` परत केलं तर दुसरं सुधारतं आणि पहिलं बिघडतं. तिसरा पर्याय नाही, कारण b सगळ्यात मोठा आहे एवढंच कळलंय. a आणि c यांच्यात लहान कोण हे कोणी विचारलेलंच नाही.

तीन घटकांपुरतं हे डोळ्यांनी दिसलं, आता n साठी तेच म्हणू. एखाद्या पानापर्यंत पोचताना केलेली सगळी हलवाहलव एकत्र धरली तर ती एक ठरावीक पुनर्मांडणी असते: तिसऱ्या जागेवरचा घटक पहिल्या जागी, पहिल्यावरचा पाचव्या, वगैरे. घटक सगळे वेगवेगळे असतील तर अशी एक पुनर्मांडणी सुरुवातीच्या n! क्रमांपैकी नेमक्या एकालाच चढत्या क्रमात आणते. म्हणजे एक पान फार तर एका क्रमाचं काम बरोबर करतं. अल्गोरिदमने तर सगळ्याच्या सगळ्या n! क्रमांवर बरोबर चालायला हवं. म्हणून पानं किमान n!. (घटक वेगवेगळे धरले याने बिघडत नाही. अल्गोरिदमला अशी इनपुटही सोडवावी लागतातच, आणि किमान मर्यादा दाखवायला अवघड इनपुटांचा एक गट पुरतो.)

आता तुमची शेवटची शंका. पानं n! असली तरी एका इनपुटला ती सगळी पाहावी लागत नाहीत. इनपुट मुळापासून निघतं, प्रत्येक गाठीशी एकच फांदी धरतं आणि एका पानावर पोचतं. काम म्हणजे त्या एका वाटेची लांबी. पानांची संख्या फक्त एवढंच सांगते की झाड किती उंच असणं भाग आहे. एका तुलनेची उत्तरं दोन, म्हणून एक पातळी खाली गेलं की पानं फार तर दुप्पट होतात. उंची h असेल तर पानं जास्तीत जास्त 2^h. गरज निदान n! ची. म्हणून

```
2^h >= n!
h   >= log2(n!)
```

इथे लॉगरिदम कुठूनही आणून चिकटवलेला नाही. "दुप्पट-दुप्पट करत n! पर्यंत पोचायला किती वेळा दुप्पट करावं लागेल" या प्रश्नाचं उत्तरच log2(n!) आहे.

आता log2(n!) हे n log n एवढं मोठं का? 1 · 2 · 3 … n या गुणाकारातला फक्त वरचा अर्धा भाग ठेवा. त्यात निदान n/2 संख्या आहेत आणि प्रत्येक निदान n/2 एवढी. म्हणून n! हा (n/2)^(n/2) हून कमी नाही, आणि log2(n!) हा (n/2)(log2 n − 1) हून कमी नाही. हे n log n च्याच जातीचं आहे, निम्म्याच्या आसपास. परीक्षेत इतकं पुरतं. नेमका आकडा हवा असेल तर स्टर्लिंगच्या सूत्राने log2(n!) साधारण n log2 n − 1.443n येतो, मोठ्या n साठी यातली चूक एकूण आकड्याच्या मानाने नगण्य.

इथे एक सापळा आहे. "किमान n log n" हे वाक्य शब्दशः घेतलं तर ते खोटं आहे. n = १००० घ्या. n log2 n येतो सुमारे ९९६६. आता मर्ज सॉर्टमध्ये तुलना मोजायला काउंटर लावा, तर वाईटात वाईट इनपुटवरही तो ८९७७ च्या वर जाणार नाही. आपण सिद्धांत मोडला असं वाटण्याची पुरेपूर शक्यता. तो मोडलेला नाही. खरी मर्यादा log2(1000!) आहे, ती सुमारे ८५२९.४, म्हणजे ८५३० तुलना, आणि ८९७७ तिच्या वरच आहे. वरच्या अर्ध्या भागाच्या हिशोबाने मिळालेली कच्ची मर्यादा तर फक्त ४४८३ सांगते. "n log n" म्हणताना अभिप्रेत असतं ते वाढीचं मान, स्थिरांक आणि मागची n ची पदं सोडून. प्रत्यक्ष मोजणीशी ताडून पाहायचं असेल तर नेहमी log2(n!) शी ताडा, n log2 n शी नाही.

हे सगळं हातात यावं म्हणून चार घटकांचं उदाहरण शेवटपर्यंत करू. क्रम 4! = २४. चार तुलनांच्या झाडाला पानं फार तर १६, म्हणजे चार तुलनांत थांबणारा कुठलाही प्रोग्राम २४ पैकी निदान ८ क्रमांवर चुकणारच. पाच तुलनांच्या झाडाला ३२ पानं, तिथे जागा आहे. पण जागा असणं वेगळं आणि प्रत्यक्ष पाचांत होणं वेगळं. म्हणून प्रत्येक तुलनेनंतर किती क्रम अजून शक्य उरतात ते मोजत जाऊ.

पहिली तुलना a आणि b. उत्तर काहीही आलं तरी २४ चे १२ उरतात. समजा a लहान. दुसरी c आणि d, उरले ६. समजा c लहान. तिसरी तुलना दोन जोड्यांतल्या लहानांची, a आणि c. उरले ३. समजा a लहान. आता माहीत असलेलं एवढं: a सगळ्यात लहान, c च्या पुढे d, आणि b कुठे बसतो ते ठाऊक नाही. शक्य क्रम तीन: a b c d, a c b d, a c d b. चौथी तुलना b आणि c. b लहान निघाला तर एकच क्रम उरला, काम झालं. c लहान निघाला तर दोन उरले, आणि पाचवी तुलना b आणि d ने निकाल लागतो. २४, १२, ६, ३, २, १. तीनाचे दोन समान भाग होत नाहीत, म्हणून चौथ्या तुलनेनंतर वाईट बाजूला दोन उरतात आणि पाचवी टळत नाही. ही पद्धत म्हणजे मर्ज सॉर्टच आहे.

याच मोजणीने साध्या इन्सर्शन सॉर्टची उधळपट्टी कुठे होते तेही दिसतं. तीन घटक लावून झालेत, x < y < z, आणि चौथा w घालायचाय. त्याला बसायला चार जागा. साधा इन्सर्शन सॉर्ट w ची तुलना आधी z शी करतो. w मोठा निघाला तर एक जागा उरते, लहान निघाला तर तीन. चाराची वाटणी तीन आणि एक अशी झाली, आणि वाईट बाजूला आणखी दोन तुलना लागतात. एकूण १ + २ + ३ = ६. त्याऐवजी आधी y शी तुलना केली तर वाटणी दोन-दोन होते आणि एकूण १ + २ + २ = ५ मध्ये काम होतं. तुलनांच्या दृष्टीने अल्गोरिदम चांगला की वाईट हे ठरतं ते यावर, की त्याचे प्रश्न उरलेल्या क्रमांची किती सारखी वाटणी करतात.

आणि हाच हिशोब उलट बाजूने केला की सिद्धतेचं दुसरं रूप मिळतं. मला स्वतःला ते झाडापेक्षा जास्त भिडतं. इनपुट आधी ठरवूच नका. तराजू एका विरोधकाच्या हातात द्या. तो अजून शक्य असलेल्या सगळ्या क्रमांची यादी जवळ ठेवतो, आणि प्रत्येक तुलनेला असं उत्तर देतो की यादीतला मोठा भाग शिल्लक राहील. तो खोटं बोलत नाही, कारण यादीत निदान एक क्रम नेहमी उरतो आणि आतापर्यंतची सगळी उत्तरं त्या क्रमाशी जुळतात. दर प्रश्नाला यादी फार तर निम्मी होते. n! पासून १ पर्यंत यायला तुम्ही कितीही हुशारीने विचारलंत तरी निदान log2(n!) प्रश्न लागणार. झाडाच्या भाषेत हा विरोधक तुम्हाला दर गाठीशी जास्त पानांच्या फांदीकडे ढकलतोय, एवढंच.

आता ही मर्यादा काय सांगत नाही ते पाहू, कारण बहुतेक वाद तिथेच होतात.

ती मर्यादा नेहमी गाठता येतेच असं नाही. पाच घटकांना 5! = १२०, आणि 2^7 = १२८, म्हणून किमान ७. मर्ज सॉर्टला ८ लागतात, पण फोर्ड आणि जॉन्सन यांच्या १९५९ मधल्या पद्धतीने सातात होतं. बारा घटकांना मात्र 12! = ४७,९०,०१,६०० आणि 2^29 = ५३,६८,७०,९१२, म्हणजे हिशोबाने २९ पुरायला हवेत. मार्क वेल्स यांनी १९६५ मध्ये संगणकावर शोध घेऊन दाखवलं की २९ पुरत नाहीत, ३० लागतात. मोजदाद फक्त पानांना जागा आहे एवढं सांगते. दर वेळी तितकी सारखी वाटणी करणारा प्रश्न हाती असेलच याची हमी ती देत नाही.

ती प्रत्येक इनपुटबद्दलही नाही. आधीच लावलेल्या यादीवर इन्सर्शन सॉर्ट n − 1 तुलनांत संपतो, त्यात विरोधाभास नाही. झाडाला एखादं पान मुळाजवळ असू शकतं. पण एक पान वर ओढलं की बाकीची कुठेतरी खाली जातात. सरासरीचं काय, असा प्रश्न इथे योग्य आहे, आणि त्याचं उत्तरही कडक आहे: सगळे क्रम सारख्याच शक्यतेचे असतील तर पानांची सरासरी खोलीही log2(n!) हून कमी होत नाही. कारण सोपं आहे. एखादं पान फार वर आणि एक जोडी फार खाली असेल, तर ती जोडी खालून काढून वरच्या पानाखाली लावली की सरासरी घटते. असं करत गेलं की सगळी पानं जवळजवळ एका पातळीवर येतात आणि तिथे सरासरी सगळ्यात कमी असते. वरच्या `sort3` ची सरासरी पाहा: २, ३, ३, २, ३, ३, बेरीज १६, भागिले सहा, म्हणजे २.६७. log2 6 आहे २.५८. क्विकसॉर्टची सरासरी सुमारे 1.39 n log2 n तुलना, तीही मर्यादेच्या वरच. पिव्हट यदृच्छेने निवडून सुटका होत नाही: नाणी आधीच उडवून ठेवली तर प्रत्येक निकालाचं एक साधं झाड होतं, आणि त्यातल्या प्रत्येकाची सरासरी याच मर्यादेत अडकलेली असते.

नियमच बदलला तर मात्र सगळं बदलतं, आणि तुमच्या कामाला कुठला नियम लागू आहे हे परिस्थितीवर ठरतं. दहा लाख उत्तरपत्रिकांचे ० ते १०० मधले पूर्णांकी गुण चढत्या क्रमाने लावायचे असतील तर `count[m] += 1` करत एकदा सगळ्या गुणांतून जा, मग १०१ खणांतून क्रमाने बाहेर काढा. तुलना शून्य. log2(n!) इथे सुमारे १ कोटी ८५ लाख आहे, पण त्याचा इथे संबंध नाही. `count[m]` या एका पायरीला दोन नव्हे, १०१ वाटा फुटतात. तुम्ही पिशवी उघडून वजनाचा आकडा वाचलात. हीच युक्ती ६४ बिटांच्या कुठल्याही आकड्यांवर सरळ चालत नाही, कारण तेवढे खण असलेला अ‍ॅरे बनवता येत नाही. तिथे रॅडिक्स सॉर्टसारखं तुकड्यातुकड्याने जावं लागतं आणि फेऱ्यांची संख्या आकड्याच्या लांबीवर ठरते. उलट दिशेलाही काळजी हवी. मराठी नावं अकारविल्हे लावताना एक तुलना म्हणजे अक्षरामागून अक्षर पाहणं, ती एका पायरीत होत नाही. मर्यादा तुलनांची संख्या सांगते, एका तुलनेची किंमत नाही.

दुसरी परिस्थिती आधीच्या माहितीची. हजार-हजाराच्या दोन लावलेल्या याद्या हाती असतील तर शक्य क्रम 2000! नाहीत. पहिल्या यादीचे घटक २००० पैकी कुठल्या १००० जागांवर बसतात एवढंच अज्ञात आहे. त्या निवडींचा लॉग सुमारे १९९४ येतो, आणि मर्ज करायला फार तर १९९९ तुलना लागतात. n log n इथे लागू होत नाही कारण पानंच कमी हवीत. म्हणून कुठल्याही नव्या परिस्थितीत पहिलं काम एकच: अजून किती क्रम शक्य आहेत ते मोजा आणि त्याचा log2 घ्या.

हे स्वतः तपासायचं असेल तर पायथॉनच्या `sorted` चं झाड बाहेरून मोजता येतं. प्रत्येक तुलनेचं उत्तर नोंदवायचं आणि सगळे क्रम देऊन पाहायचे:

```python
from itertools import permutations

class K:
    log = []
    def __init__(self, v): self.v = v
    def __lt__(self, other):
        r = self.v < other.v
        K.log.append(r)
        return r

paths = []
for p in permutations(range(5)):
    K.log = []
    sorted([K(v) for v in p])
    paths.append(tuple(K.log))

print(len(set(paths)), max(map(len, paths)))
```

पहिला आकडा १२० येईल: १२० क्रमांना हो-नाहीच्या १२० वेगवेगळ्या याद्या, म्हणजे १२० पानं, एकही सामायिक नाही. दुसरा आकडा झाडाची उंची. ती पायथॉनच्या आवृत्तीप्रमाणे बदलू शकेल, पण ७ च्या खाली येणार नाही. मग `sorted` च्या जागी तुमचा स्वतःचा सॉर्ट ठेवा. पहिला आकडा १२० पेक्षा कमी आला तर उंची पाहायची गरजच नाही. दोन क्रम एका पानावर पडलेत, आणि त्यांपैकी निदान एकाचं उत्तर चुकलेलं असणार. `paths` मध्ये सारख्या निघालेल्या दोन याद्यांचे क्रम शोधून काढलेत की कुठली तुलना करायची राहून गेली तेही तिथेच सापडेल.